तालमीचा फ्लेक्स: किल्ला वेगळा आणि पैलवान वेगळे काढून जोडायचे का?

सातारी_क्लिक: आमच्या तालमीच्या वर्धापनदिनाचा मोठा फ्लेक्स करायचाय. तीन पैलवान, मधल्याच्या खांद्यावर चांदीची गदा, मागं अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं सातारा शहर, संध्याकाळचं ऊन. एक पैलवान कुस्त्यांसाठी बाहेरगावी असतो, तिघं एका संध्याकाळी वर मिळणं अवघड आहे. मी ठरवलंय की बॅकग्राउंड किल्ल्यावर जाऊन काढायचा, पैलवान तालमीत काढायचे आणि नंतर जोडायचे. पण उजेड जुळंल का? का हा मार्गच चुकीचा आहे?

गडवाट: चुकीचाच आहे असं माझं स्पष्ट मत. गाडी वरपर्यंत जाते, तिघांना एक दिवस गाठा आणि वरच फोटो काढा. उघड्या अंगावर वारा लागला की पैलवान जसा छाती ताणून उभा राहतो तसा तालमीच्या भिंतीपुढं राहत नाही. आणि जोडलेला फोटो लोकांना कळतो, का कळतो ते त्यांना सांगता येणार नाही पण काहीतरी खटकतंय एवढं कळतंच.

मिरज_स्टुडिओ: एवढं अवघड नाही हो. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूनं सॉफ्टबॉक्स लावा, छान एकसारखा उजेड पडतो, कटिंगपण स्वच्छ येतं. मग फोटोशॉपमध्ये पैलवानांना थोडं पिवळं करा, बॅकग्राउंडच्या रंगाला आणा. आम्ही लग्नाचे कितीतरी असे केलेत. रंग जुळला की फोटो जुळला.

कृष्णाकाठ_सांगली: रंग जुळवायलाच लागतो, तेवढं मिरजकरांचं बरोबर आहे, पण तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सोपा. दोन्हीकडून उजेड लावला तर नाकाची सावली कुठल्याच बाजूला पडत नाही, आणि मागच्या बुरुजाच्या दगडाची मात्र एक बाजू उजळ आणि एक काळी. हे कितीबी पिवळं केलं तरी झाकत नाही. पैलवानाच्या अंगाला तेल असतं, त्यात सॉफ्टबॉक्सचे चौकोन चमकतात. उन्हाची चमक बारीक आणि एकाच बाजूला असते.

सातारी, तुमचा मार्ग चुकीचा नाही, पण आधी हे ठरवा की सीन कुठं कापायचा. माझा नियम असा की ज्यांची सावली एकमेकांवर पडते त्यांना वेगळं करायचं नाही. शहर आणि डोंगर पैलवानांपासून इतके लांब आहेत की कुणाची सावली कुणावर पडत नाही, तिथं बिनधास्त कापा. पण पैलवान पैलवानाला खेटून उभा असंल तर ते एकाच फोटोत पाहिजेत, आणि गदा खांद्यावर आहे म्हणजे तीपण त्यांच्याबरोबरच.

आता दिशा. किल्ला शहराच्या दक्षिणेला, म्हणजे शहर मागं घ्यायचं तर कॅमेरा उत्तरेला बघणार आणि संध्याकाळचा सूर्य डावीकडं. पण डावीकडं म्हणजे नेमका कुठं हे महिन्यावर आहे. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो, मग ऊन डावीकडून आणि थोडं कॅमेऱ्याच्या पाठीमागून येतं, चेहऱ्यावर पडतं. मे महिन्यात उत्तरेला सरकून मावळतो, मग तेच ऊन डावीकडून पण थोडं पैलवानांच्या पाठीमागून येतं, डावी बाजू उजळते आणि चेहरा बराचसा सावलीत जातो. म्हणून हिवाळ्यात काढलेल्या बॅकग्राउंडवर मे महिन्याचा पैलवान बसत नाही.

वर जाताना एक मीटरची काठी न्या आणि जमल्यास वस्तादांना विचारून ती गदासुद्धा. काठी सपाट जागेवर उभी धरा. सावली तीन मीटर भरली की सूर्य क्षितिजापासून साधारण 18 अंशावर असतो, डिसेंबरात सूर्यास्ताच्या साधारण दीड तास आधी. त्याच वेळी बॅकग्राउंड काढा. मग पैलवान जिथं दिसणार तिथं मित्राला गदा घेऊन उभा करून एक फोटो घ्या. गदेचा गोळा आरशासारखा असतो, त्यात सूर्याचा ठिपका कुठं आहे, आभाळ किती आलंय, खालचा दगड किती काळा आहे, सगळं दिसतं. सिनेमावाले सेटवर चकचकीत गोळा धरतात तो याचसाठी. मित्राच्या चेहऱ्याची सावलीतली बाजू किती काळी पडली तेपण त्याच फोटोत मिळतं.

हळद_घरची: मी सांगलीतून हळदीच्या पाकिटांचे फोटो काढते, मलापण हाच प्रॉब्लेम. पाकीट कापून शेताच्या फोटोवर ठेवलं की ते हवेत तरंगतं. कडा कितीबी नीट कापल्या तरी तेच. बॅकग्राउंड रिमूव्ह करायला चांगलं ॲप कुठलं?

कृष्णाकाठ_सांगली: ताई, तुमचा प्रॉब्लेम कापण्यात नाहीच. पाकीट जिथं टेकतं तिथली बारीक गडद रेघ कापताना निघून जाते. पाकिटाच्या तळाला अगदी चिकटून गडद आणि बाहेर जाईल तशी फिकी होणारी सावली द्या, आणि ती शेताच्या फोटोत सावल्या ज्या बाजूला पडल्यात त्याच बाजूला जाऊ द्या.

सातारी_क्लिक: दादा, तालमीत फ्लॅश एकच आहे. तो सूर्यासारखा कसा लावू? छत पण खाली आहे.

कृष्णाकाठ_सांगली: तिथंच अडतंय. फ्लॅश डावीकडच्या पैलवानापासून दोन मीटरवर ठेवला आणि उजवीकडचा साडेतीन मीटरवर आला, तर उजव्याला डाव्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड मिळतो. सूर्य तिघांना सारखाच मिळतो. फरक कमी करायला फ्लॅश सहा मीटर लांब न्यावा लागंल, आणि त्या अंतरावर 18 अंश ठेवायचे तर तो डोक्याच्या वर दोन मीटर पाहिजे, म्हणजे जमिनीपासून पावणेचार मीटर. खालच्या छताखाली ते होत नाही.

त्यापेक्षा फ्लॅश सोडा. तालमीच्या अंगणात त्याच आठवड्यात काठीची सावली तीन मीटर झाली की पैलवान उभे करा, कॅमेरा उत्तरेकडं, लेन्स तीच, कॅमेऱ्याची उंची तीच, व्हाइट बॅलन्स दोन्हीकडं एकाच आकड्यावर, ऑटो नाही. मागं करडं कापड लावा. पायाखाली लाल माती असंल तर काळी ताडपत्री अंथरा, नाहीतर हनुवटीखाली आणि पोटऱ्यांवर लाल झाक येते आणि वर तर काळा दगड आहे. गदेवर सूर्याचा ठिपका किल्ल्यावरच्या फोटोत जिथं होता तिथंच आला की समजा दिशा जुळली.

बाहेरगावच्या पैलवानाला वेगळं काढायचं असंल तर त्याला उजवीकडं टोकाला, बाकीच्यांच्या एक पाऊल पुढं ठेवा. हिवाळ्यात सावल्या उजवीकडं आणि मागं जातात, त्यामुळं त्याच्यावर कुणाची पडत नाही आणि त्याचीपण कुणावर पडत नाही.

जोडल्यावर वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेअर टाकून बघा, रंग गेला की उजेडातला फरक उघडा पडतो. केसांचा काळा रंग जवळच्या दगडाच्या भेगांशी ताडून बघा. लांबचं शहर धुरकट, त्याच्याशी ताडला तर पैलवान फिके पडतील.

गडवाट: सगळं वाचलं. पण भाऊ, त्याच उन्हाची, त्याच वेळेची वाट बघायची असंल तर गडावरच का जाऊ नये? सूर्य तोच लागतोय म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं की.

कृष्णाकाठ_सांगली: तिघं आले तर वरच काढा, मी नाही म्हणत नाही. पण वर त्या उन्हाची वेळ थोडी, त्यात फिरायला आलेली माणसं मागून जाणार, आणि तिघांचे डोळे उघडे, गदा सरळ, असा एक फोटो मिळंलच असं नाही. अंगणात उद्या परत काढता येतो, परवापण.

मिरज_स्टुडिओ: फ्लेक्स रस्त्यावरून लांबून बघतात, एवढं कोण बघणार. गुडघ्यापासून वरचे घ्या, पायाच्या सावलीचा प्रश्नच येत नाही.

कृष्णाकाठ_सांगली: गुडघ्याचं चांगलं सुचवलंत, ते करा. पण लांबून दिसत नाहीत त्या कडा आणि नॉइज. चेहऱ्यावरची उजेडाची बाजू लांबूनच जास्त दिसते.

गडवाट: पैलवानाचे पाय कापलेला फ्लेक्स वस्ताद लावू देतील का, ते आधी विचारा.

सातारी_क्लिक: विचारलं. वस्ताद म्हणतात पाय दिसलेच पाहिजेत, आणि गदा वर न्यायला परवानगी आहे पण ते स्वतः बरोबर येणार. मग पायाखालची सावली अंगणातून कापून आणायची का किल्ल्याच्या दगडावर नवीन करायची?

कृष्णाकाठ_सांगली: ताडपत्रीवर सावली नीट दिसणार नाही, म्हणून नवीनच करा. किल्ल्यावर मित्र उभा असलेला फोटो आहे ना, त्यात त्याची सावली दगडाच्या खाचखळग्यातून कशी वाकते ते बघून तशीच वाकवा. मित्राला तिन्ही जागी उभा करून तीन फोटो घेतलेत तर त्याच सावल्या वापरता येतील, फक्त त्याची अंगकाठी पैलवानासारखी पाहिजे.

गडवाट: त्यापेक्षा पैलवानच न्या म्हणतोय मी.