कंडेन्सरच्या पाण्याला जीआय पाईप की काळा? इंदूरच्या एका रुग्णालयाचा पेच

न्यासाचा हिशेबनीस, इंदूर
आमच्या न्यासाच्या नऊ मजली रुग्णालयात ३०० टन शीतन-क्षमतेचा, पाण्याने थंड होणारा चिलर, म्हणजे वातानुकूलनाचे पाणी गार करणारे यंत्र, बसणार आहे. चिलर तळघरात आहे आणि कुलिंग टॉवर गच्चीवर. ठेकेदार म्हणतात की चिल्ड वॉटर म्हणजे इमारतीत फिरणारे गार पाणी, कंडेन्सर वॉटर म्हणजे चिलरची उष्णता टॉवरकडे नेणारे पाणी, आणि गरम पाणी या तिन्हींसाठी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप घ्या, म्हणजे गंजाची चिंता मिटेल. सल्लागारांनी पहिल्या दोन्हींसाठी सर्वांत जाड 'सी क्लास'चा काळा, म्हणजे बिनजस्ती एमएस पाईप आणि गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारे प्लास्टिक लिहिले आहे. कोणाचे ऐकावे?

पाईपवाला, सांवेर रोड
मी स्वतः ही कामे घेतो, म्हणून माझे मत एकतर्फी वाटण्याचा धोका पत्करून लिहितो. कंडेन्सरचे पाणी टॉवरमध्ये हवेतून पडते आणि दर फेरीला नव्याने प्राणवायू घेऊन खाली येते. अशा पाण्यात काळा पाईप लावणे म्हणजे त्याला रोज थोडे थोडे खायला देणे आहे. चार-पाच वर्षांत गाळणी उघडली की ओंजळभर लाल कचरा निघतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे जीआयच घ्यावा, आणि इमारत नऊ मजली असल्याने दाबासाठी लाल पट्ट्याचा, म्हणजे सी क्लासच घ्यावा. दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

निवृत्त प्लांट इंजिनियर, इंदूर
पाईपवाल्यांचे प्राणवायूविषयीचे म्हणणे पूर्ण खरे आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. आपल्या ३०० टनांना कंडेन्सरचे पाणी तासाला सुमारे २०० घनमीटर लागेल, म्हणजे लाईन २०० मिलिमीटरची होईल. या मापाचा जीआय पाईप ते जोडणार कसा, हे त्यांनी लिहिलेले नाही. एवढ्या पाईपला कोणी आटे पाडत नाही, सरळ वेल्डिंग होते. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून धूर होऊन जाते. बाहेरून तिथे चंदेरी रंग मारता येतो, आतून हात पोहोचत नाही.

याच शहरातल्या एका हॉटेलात मी अशी लाईन चौथ्या वर्षी गळताना पाहिली. आम्ही गळका तुकडा कापून उभा चिरला. मधला पाईप राखाडी आणि जवळजवळ नवा होता. वेल्डच्या दोन्ही बाजूंना मात्र बोटभर रुंदीचा तपकिरी पट्टा होता आणि त्यावर मसुराएवढ्या गाठी उठल्या होत्या. स्क्रू-ड्रायव्हरने गाठ उडवली की खाली काळाभोर ओला खड्डा दिसे, आणि कुजलेल्या अंड्याचा वास येई. तो वास पाण्यातल्या सल्फेटपासून गंधकाचा वायू बनवणाऱ्या जिवाणूंची खूण आहे. सहा मिलिमीटरची जाडी त्या खड्ड्यात दोनच्या आसपास उरली होती. मालकाने पैसे जीआयचे मोजले होते आणि जोडाजोडाला त्याला उघडे लोखंड मिळाले होते.

म्हणून मी आधी सांधा ठरवतो आणि मग पाईप. जीआय हवाच असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे खोबणी पाडून रबरी गॅस्केटच्या कपलिंगने जोडणे, ज्यात वेल्डिंग मुळीच नसते. दुसरा म्हणजे काळ्या पाईपचे फ्लँजसह तुकडे कार्यशाळेत तयार करून घ्यावेत, वेल्डिंग संपल्यावर आख्खा तुकडा जस्ताच्या कढईत बुडवून आणावा आणि जागेवर फक्त बोल्ट आवळावेत. कढईच्या लांबीपेक्षा तुकडा मोठा करता येत नाही, हे आराखडा काढतानाच लक्षात घ्यावे लागते.

आता दाबाविषयी. तळघरापासून टॉवरपर्यंत पाण्याचा स्तंभ साधारण ४० मीटरचा, म्हणजे ४ बार. व्हॉल्व्ह बंद असताना पंप आणखी २.८ बार देईल असे धरले, तर एकूण पावणेसात बार होतात. दीडपट चाचणी केली तरी सव्वादहा बारच्या आत काम भागते. सहा मिलिमीटर जाडीचा २०० चा पाईप नुसत्या दाबाच्या हिशेबाने ५० बारच्या आसपास जातो. म्हणजे जाडी आपण दाबासाठी विकत घेत नाही, गंजाला खायला किती द्यायचे यासाठी घेतो. शिवाय ए, बी, सी हे वर्ग ज्या आयएस १२३९ मध्ये आहेत ते मानक १५० मिलिमीटरवर संपते, त्यापुढे आयएस ३५८९ लागते. त्यामुळे निविदेत '२०० चा सी क्लास' असे लिहिले असेल तर त्याला काही अर्थ नाही. तिथे जाडी मिलिमीटरमध्येच लिहून घ्या, नाहीतर ठेकेदार पाच मिलिमीटर आणेल आणि आपल्याला भांडायला कागद नसेल.

पाईपवाला, सांवेर रोड
जाडीचा मुद्दा मान्य आहे, तो मी घाईत लिहिला. पण खोबणीच्या कपलिंगचा दर आपण सांगितला नाही, आणि त्यांची गॅस्केटे वीस वर्षे टिकतील याची हमी कोण देणार? वेल्ड गळाला तर माझा माणूस रात्रीत पॅच मारतो. तळघरात नेमके कपलिंग सुटले तर चिलरच पाण्यात जाईल. आणि दाबाचे म्हणाल तर फ्लँजकडे कोणीच पाहत नाही. एका कामावर पीएन १६ या दाब-वर्गाचे बटरफ्लाय व्हॉल्व्ह आले, त्यांना बारा भोके, आणि फ्लँज आले टेबल 'ई' या वेगळ्या मानकाचे, त्यांना आठ. भोकांचे वर्तुळही जुळेना. आठ दिवस काम ठप्प होते.

निवृत्त प्लांट इंजिनियर, इंदूर
फ्लँजचे उदाहरण चोख आहे, दाबाचा वर्ग पाहायचा तो तिथेच. कपलिंगबाबत आपली भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मी पाहिलेली सुटलेली कपलिंगे मात्र बहुतेक उथळ खोबणीची होती. मजुराने खोबणीचा व्यास टेपने मोजलेला नव्हता, नुसत्या नजरेने यंत्र थांबवले होते.

सयाजीगंजचा मिस्त्री, वडोदरा
आपण दोघेही लोखंडात अडकला आहात. इकडे कारखान्यांत कुलिंग टॉवरच्या लाईन एचडीपीई या प्लास्टिकच्या टाकतात. आयएस ४९८४ चा पाईप, तोंडाला तोंड वितळवून जोडलेला, आणि गंज हा शब्दच विसरायचा. रुग्णालयाला हे का चालू नये?

निवृत्त प्लांट इंजिनियर, इंदूर
टॉवर जमिनीवर असता आणि लाईन मातीत गेली असती, तर मी आपल्या बाजूने मत दिले असते. इथे ४० मीटरचा उभा राइझर आहे. जानेवारीच्या पहाटे बंद पडलेला प्लांट आणि मे महिन्यातली दुपार यांत पाईपच्या तापमानाचा ३० अंशांचा फरक धरा. लोखंड तेवढ्यात १४ मिलिमीटर वाढते, एचडीपीई सुमारे २४० मिलिमीटर. एवढी हालचाल शाफ्टमध्ये कुठे सामावणार? त्यात सर्व मजल्यांतून जाणारा ज्वलनशील पाईप रुग्णालयाच्या अग्निशमन तपासणीत प्रश्न उभे करील, ते वेगळेच.

लष्करकर, ग्वाल्हेर
मला वाटते प्रश्न गरम पाण्याचा आहे, म्हणून माझा अनुभव सांगते. आमच्या लष्कर भागातल्या वाड्यात गीझरपासून न्हाणीपर्यंत जीआय होता. रोज सकाळी पहिली बादली चहाच्या रंगाची येई. थंड पाण्याचा त्याच वयाचा पाईप मात्र ठीक होता. मग सीपीव्हीसी टाकले, तर गीझरच्या तोंडाशी प्लास्टिकच्या आट्यांना चीर गेली. आता काय करावे?

निवृत्त प्लांट इंजिनियर, इंदूर
ताई, प्रश्न तिन्ही पाण्यांचा होता, पण आपला अनुभव न्यासाला नेमका उपयोगी आहे. साठ अंशांच्या पुढे काही प्रकारच्या पाण्यात जस्त आणि लोखंड यांचे नाते उलटे होते. जस्ताने स्वतः झिजून लोखंडाला वाचवायचे, ते होत नाही आणि लोखंडात खड्डे पडतात. रुग्णालयात जंतूंच्या भीतीने पाणी साठ अंशांवरच साठवतात, म्हणून गरम पाण्याला जीआय मी तरी घेणार नाही. आपल्या चिरेसाठी पितळी आट्यांचा जोड घ्यावा आणि गीझरजवळ हातभर तांब्याचा किंवा स्टीलचा पाईप ठेवावा.

सीपीव्हीसीचा दाब मात्र तापमानाबरोबर उतरतो, हे हिशेबनीसांनी ध्यानात ठेवावे. एसडीआर ११ चा, म्हणजे व्यास जाडीच्या अकरा पट असलेला पाईप २३ अंशांना २७ बार सोसतो, ८२ अंशांना सातच्याही आत. नऊ मजल्यांना साठ अंशांवर तो पुरतो. गच्चीवर सोलर असेल तर पॅनेलपासून टाकीपर्यंतचा भाग धातूचाच हवा, कारण उन्हात पाणी थांबून राहिले की तिथे नव्वदच्या पुढेही तापते.

पाणी-रसायनवाली, इंदूर
मी टॉवरच्या पाण्याचे उपचार करते. माझा आक्षेप असा की पाईप निवडताना पाणी कोणीच विचारले नाही. नर्मदेचे पाणी आणि कूपनलिकेचे पाणी यांत फार अंतर आहे. कूपनलिकेच्या पाण्याचा जडपणा ४०० असेल आणि टॉवरमध्ये ते आटून चौपट झाले, तर १६०० होतो, आणि पीएच नऊकडे सरकतो. काळ्या लोखंडाला चढा पीएच मानवतो. नव्या जस्ताला मात्र सुरुवातीचे काही आठवडे सात ते आठच्या दरम्यान ठेवावे लागते, नाहीतर त्यावर पांढरा, खडूसारखा गंज धरतो. टॉवर जस्ती आणि लाईन काळी असली की दोघांचे समाधान एकदम करता येत नाही. माझ्या मते जाड काळा पाईप, नियमित औषध आणि वर्षाकाठी जाडीचे मोजमाप एवढे पुरे आहे.

निवृत्त प्लांट इंजिनियर, इंदूर
औषध नियमित पडले तर पुरे आहे, बाई. पण रुग्णालयात वर्षभरानंतर औषधाचे बिल सर्वांत आधी कापले जाते. इथे आपले मतभेद राहणार.

न्यासाचा हिशेबनीस, इंदूर
आणि चिल्ड वॉटर? तिथेही एवढीच भानगड आहे का?

निवृत्त प्लांट इंजिनियर, इंदूर
तिथे सल्लागार बरोबर आहेत. ते पाणी बंद फेऱ्यात फिरते, त्यातला प्राणवायू सुरुवातीलाच संपतो आणि काळा पाईप आतून वर्षानुवर्षे टिकतो. अट एवढीच की भरपाईच्या पाण्यावर मीटर लावा. मीटर रोज फिरू लागला की कुठेतरी गळती आहे आणि ताजा प्राणवायू आत येतो आहे. हा पाईप कुजतो तो बाहेरून. सात अंशांच्या पाईपवरचे वेष्टन आधाराच्या जागी फाटले की पावसाळ्यात आत दव धरते. म्हणून वेष्टनाखाली प्रायमर मारलेला स्वतः पाहा आणि आधाराला लाकडी किंवा फोमचा ठोकळा आहे का ते तपासा.

एक गोष्ट पाईपाइतकीच महत्त्वाची आहे. दाब-चाचणीनंतर पाणी अर्धवट सोडून लाईन सहा-सात महिने तशीच ठेवतात. चिलर यायच्या आधीच पाण्याच्या रेषेवर खड्ड्यांची रांग तयार होते, मग दोष पाईपला दिला जातो.

न्यासाचा हिशेबनीस, इंदूर
आमची चिल्ड लाईन चाचणी होऊन दिवाळीपासून तशीच उभी आहे. पाणी काढले की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

पाईपवाला, सांवेर रोड
तळघरातला सर्वांत खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उद्या उघडून बघा. लाल पाणी आले तर एक फ्लँज सोडवून आत बॅटरी मारा आणि मगच चिलर जोडायला परवानगी द्या.