मदत हवी आहे : फेररचना केलेल्या शोधनिबंधासोबतचे संपादकांना पत्र

नमस्कार. मुठा नदीच्या पाण्यातील नायट्रेटवरचा आमचा शोधनिबंध ‘मेजर रिव्हिजन’ होऊन परत आला होता. निष्कर्ष आणि चर्चा एकमेकांत मिसळल्याने नेमके काय मोजले आणि काय अनुमानले हे कळत नाही, हा दुसऱ्या समीक्षकांचा आक्षेप (मनाला लागला, पण रास्त होता) मान्य करून आम्ही दोन्ही विभाग वेगळे केले आणि नमुने घेण्याच्या ठिकाणांचे वर्णन पद्धती विभागात नेले.

अडचण अशी की, परिच्छेदच हलल्यामुळे ट्रॅक चेंजेसची प्रत जवळपास सगळी लाल दिसते आणि खरोखर नवे असलेले पावसाळ्यातील नमुन्यांचे विश्लेषण त्यात हरवते. म्हणून मुद्देनिहाय उत्तरे स्वतंत्र फाइलमध्ये ठेवून, एका पानाच्या पत्रात कोणता मजकूर कुठून कुठे गेला, नवे काय आणि आकडे व मुख्य निष्कर्ष बदललेले नाहीत, एवढेच लिहिले आहे.

एक सूचना मात्र आम्ही स्वीकारलेली नाही : विहिरींची तुलना वगळण्याऐवजी ती पुरवणीत ठेवली आहे. ही असहमती संपादकांना पत्रातच कारणासह सांगावी, की फक्त उत्तरांच्या फाइलमध्ये? ज्यांनी असे पत्र लिहिले आहे किंवा संपादक म्हणून वाचले आहे, त्यांनी कृपया सांगावे.