मदत हवी आहे: गाड्यांच्या शोरूमची पूर्ण पानाची जाहिरात, बारीक मजकूर बसत नाही

कुडाळ_डीटीपी
गणपतीच्या आधीच्या शनिवारी पूर्ण पान जायचं आहे. पेपरच्या ऑफिसातून फाईल दोनदा परत आली. "ब्लॅक चार रंगात आहे, बारीक मजकूर भरेल, माप तपासा" एवढंच लिहिलंय. शोरूमचे मॅनेजर काहीच कमी करायला तयार नाहीत. हेडिंग, गाडीचा मोठा फोटो, चार मॉडेल, ऑफर, अटी, तीन शोरूमचे पत्ते, बँकांचे लोगो, सगळं हवंय. अटी बसवायच्या कशा? उद्या संध्याकाळपर्यंत फाईल द्यायची आहे, लवकर सांगा.

शाई_आणि_कागद
पानाचं माप किती? कशात केलंय? अटींचा मजकूर किती शब्द, किती पॉइंट, कोणत्या रंगावर कोणता रंग? आत्ता कुठल्या भागाला किती उंची दिली आहे तेही लिहा. त्याशिवाय काय सांगणार?

रंगारी_चिपळूण
ब्लॅकचं सोपं आहे. नुसत्या काळ्याला पेपरवर दम नसतो, राखाडी दिसतो. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० करा आणि सगळे फोटो ३०० डीपीआयला घ्या. फाईल पास होईल.

कुडाळ_डीटीपी
कोरलमध्ये केलंय. पान ३३ बाय ५२ सेंमी. वरून खाली: हेडिंगचा निळा पट्टा ६, फोटो १७, चार मॉडेलचे चौकोन १३, ऑफर आणि अटींचा निळा पट्टा ४, पत्ते-लोगो-नकाशा ९, मधल्या फटी ३. अटी साधारण १४० शब्द, ५ पॉइंट, निळ्यावर पांढऱ्या. इंग्रजीत आहेत, कंपनीकडून तशाच आल्या. फोटो मॅनेजरांनी व्हॉट्सॲपवर दिलाय, स्क्रीनवर छान दिसतो.

शाई_आणि_कागद
आता कळलं. अटींना जागा नाही असं तुम्हाला वाटतंय, पण त्या चुकीच्या जागी आणि चुकीच्या रंगात बसल्यात.

निळा पट्टा म्हणजे सायन आणि मॅजेंटा, दोन प्लेटा. पांढरं अक्षर म्हणजे त्या दोन्ही प्लेटांमध्ये सोडलेलं भोक. वेगात कागद केसभर जरी सरकला तरी एका प्लेटचं भोक दुसरीच्या शाईने बुजतं. ५ पॉइंटच्या अक्षराची रेघ मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते. आधी बारीक रेघा जातात, मग अक्षरांची पोटं भरतात. देवनागरीत केलंत तर अनुस्वार आणि रफार सगळ्यात आधी गायब होतील. त्यात न्यूजप्रिंट शाई पितो, ठिपका पसरतो, म्हणजे भोक आणखी लहान होतं. लेझर प्रिंटवर हे कळत नाही, तिथे सगळं टोकदार येतं.

म्हणून अटी पांढऱ्या कागदावर, फक्त के १०० मध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत. एकच प्लेट असली की प्लेटा एकमेकींवर नीट न बसण्याचा प्रश्नच उरत नाही. रंगारी, तुमचा चार रंगांचा काळा मोठ्या भरीव भागाला चालेल, त्याची बेरीज २४० होते आणि पेपरला तेवढीच कमाल मर्यादा धरतात. पण तोच काळा ८ पॉइंटच्या अक्षराला दिला तर चार प्लेटा एकावर एक बसाव्या लागतील, आणि कडेला रंगीत सावली येईल. पेपरवाल्यांची तक्रार तीच आहे.

रंगारी_चिपळूण
अक्षरांबद्दल मान्य. पण कोरलमध्ये मी ब्लॅकच दिला होता, असं सगळेच म्हणतात. मग चार रंगात जातो कसा?

शाई_आणि_कागद
वर्डमधून किंवा वेबवरून चिकटवलेला मजकूर आरजीबी काळा येतो. पीडीएफ करताना त्याचे चार रंग होतात. Acrobat मध्ये Output Preview उघडा आणि Black ची खूण काढा. अक्षरं पूर्ण नाहीशी झाली तर ठीक. फिकट भूत उरलं तर तो मजकूर चार रंगात आहे. फोटोच्या सावल्यांचीही बेरीज तिथेच बघा. टायर आणि गाडीखालचा काळोख २४० च्या पुढे गेला तर शाई वाळत नाही, समोरच्या पानावर डाग उतरतो. फोटोचं चार रंगांत रूपांतर करताना पेपरकडून रंगांचं प्रोफाईल मागून घ्या. दिलं नाही तर ISOnewspaper26v4.icc वापरा, ते २४० च्या आत ठेवतं.

आणि ३०० डीपीआयची गरज नाही. पेपरची जाळी जाड असते, २०० पुरतो. गाडी ३० सेंमी रुंद ठेवायची तर सुमारे २४०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपचा फोटो बहुधा १६०० चा असतो, म्हणजे १३५ डीपीआय. ग्रिल आणि हेडलाईट मऊ येतील. मूळ फाईल कंपनीकडून मेलवर मागवा. १६०० चा ताणून २४०० केला तर तपशील वाढत नाही.

देवगड_हापूस
आमच्या आंब्याच्या पेट्यांच्या जाहिरातीला पाव पान घेतलं होतं, मधोमध फक्त पेटीचा फोटो आणि फोन नंबर. तुम्हीही तसंच करा, मोकळी जागा सोडा. एवढ्या गर्दीत कोण वाचतंय?

टाचणी
आंब्याला एक भाव आणि एक नंबर पुरतो. गाडीला व्हेरियंट, एक्सचेंज, कर्ज, साठा या सगळ्याच्या अटी असतात, त्या टाळता येत नाहीत. मूळ प्रश्नाला धरून विचारते: हेडिंगमध्ये नक्की काय लिहिलंय?

कुडाळ_डीटीपी
"बाप्पा घरी, गाडी दारी! ₹ ८५,००० ची सूट*". खाली अटीत रोख ३०,०००, एक्सचेंज ४०,०००, कॉर्पोरेट ५,०००, ॲक्सेसरीज १०,०००.

टाचणी
इथे अडचण मांडणीपेक्षा मोठी आहे. जुनी गाडी नसलेल्या, कॉर्पोरेट यादीत नसलेल्या माणसाला मिळणार ३० अधिक १०, म्हणजे ४० हजार. बाकीचे ४५ हजार अटींवर आहेत. हेडिंग म्हणतं ८५ ची सूट, तळटीप म्हणते तसं नाही. तळटिपेने दाव्याचा खुलासा करावा, दावा खोडू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात तळटीप दाव्याच्याच भाषेत, त्याच फाँटात आणि ठळक दिसेल अशा जागी हवी असं म्हटलंय. मराठी हेडिंगखाली इंग्रजी अटी चालणार नाहीत.

माझ्या मते रक्कम फोडून वरच लिहा: "सर्वांना ₹ ४०,००० चा फायदा. जुनी गाडी दिलीत तर आणखी ₹ ४०,०००." मॅनेजरांनाही आवडेल, कारण दोन आकडे दिसतात आणि दोन्ही खरे आहेत. कॉर्पोरेटचे पाच हजार तक्त्यात जाऊ द्या.

रंगारी_चिपळूण
इंग्रजी अटी तर रोज छापून येतात.

टाचणी
येतात, म्हणून त्या नियमात बसतात असं नाही. तक्रार झाली तर उत्तर शोरूमला द्यावं लागेल, कंपनीची मूळ फाईल पुढे करून सुटका नाही.

घाटमाथा
मॉडेल कोणतं? सीएनजी आहे का? कशेडी आणि आंबोली घाटात सीएनजी चढाला दमते असं ऐकलंय. मला दिवाळीपर्यंत घ्यायचीच आहे.

शाई_आणि_कागद
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे फाईल उद्या द्यायची आहे.

मांडणीकडे येतो. ब्रॉडशीट आडवा दुमडून येतो, ५२ ची घडी २६ वर. ओट्यावर किंवा स्टॉलवर माणसाला आधी वरचा अर्धा भागच दिसतो. तुमच्या पानात घडीच्या वर मॉडेलच्या चौकोनांचीही सुरुवात येते आणि ऑफर पूर्ण खाली राहते. असं करा: हेडिंग ९, त्यातच टाचणींनी सांगितलेले दोन आकडे. फोटो १७. बरोबर २६ झाले, घडी फोटोच्या खालच्या कडेवर, गाडीवर मोड नाही. खालच्या २६ मध्ये चार मॉडेल आणि ऑफरचा एकच तक्ता १२, अटी ४, पत्ते ७, फटी ३.

पत्त्यांचे दोन सेंमी कमी करायचे तर नकाशा काढा. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या माणसाला शोरूम शोधायला नकाशा लागत नाही, "बस स्टँडजवळ" एवढं पुरतं. बँकांचे लोगो एका ओळीत, फक्त काळे.

अटी सलग ३१ सेंमीच्या ओळीत टाकू नका, डोळा पुढची ओळ शोधताना चुकतो. दहा-दहा सेंमीचे तीन कॉलम करा. ८ पॉइंट अक्षर, ११ लीडिंग म्हणजे ओळीपासून ओळीचं अंतर, मराठीला वरच्या-खालच्या मात्रांसाठी एवढं लागतंच. ४ सेंमीत दहा ओळी बसतात. १४० शब्द मराठीत थोडे वाढले तरी आरामात मावतील, बहुधा ९ पॉइंटही बसेल. ज्या अटीने रक्कम बदलते ती मात्र तळाशी नको. "एक्सचेंज फक्त अमुक व्हेरियंटला" हे तक्त्यात त्या आकड्याखालीच, १० पॉइंटमध्ये.

टाचणी
हप्ता लिहिणार असाल तर कर्जाची रक्कम, मुदत आणि व्याजदर त्याच्या शेजारी. ₹ ९,९९९ चा हप्ता म्हणजे ८४ महिने, ९.५ टक्के धरले तर साधारण ६ लाख १२ हजारांचं कर्ज. बाकीचं डाऊन पेमेंट. हे न लिहिता नुसता हप्ता छापला तर शोरूममध्ये रोज वाद होईल.

कुडाळ_डीटीपी
हप्ता नाहीये, बरं झालं. अटी मराठीत करून घेतो, मूळ फोटोही मागवलाय. एक सांगायचं राहिलं. हे पहिलं पान आहे, जॅकेट. वर पेपरचं नाव येणार. आत्ता फोन केला तर म्हणाले ९ सेंमी त्यांचे, मला ४३ मिळणार. म्हणून "माप तपासा" लिहिलं होतं.

शाई_आणि_कागद
हे पहिल्या ओळीत हवं होतं! मग घडीच्या वर तुम्हाला १७ च उरतात. हेडिंग ५, फोटो १२. तीन चतुर्थांश कोनातली गाडी १२ उंचीत साधारण २५ रुंद बसेल. गाडी लहान होईल, पण अखंड राहील. खालचे २६ सेंमी आहेत तसेच.

रंगारी_चिपळूण
इथे मी सहमत नाही. जॅकेटवर गाडी लहान केली तर जॅकेटचे पैसे कशाला मोजले? फोटो १७ च ठेवा, हेडिंग आकाशाच्या मोकळ्या भागावर घ्या. घडी फोटोच्या खालच्या कडेवरच येईल.

शाई_आणि_कागद
आकाश खरंच सपाट आणि फिकट असेल तर चालेल, आणि हेडिंग गडद, जाड अक्षरात. ढग असतील तर नको. फोटो बघितल्याशिवाय यापुढे सांगता येणार नाही.

कुडाळ_डीटीपी
फोटोत मागे समुद्रकिनारा आहे, वरती ढग आहेत. दोन्ही करून मॅनेजरांना १०० टक्के मापात छापून, दुमडून दाखवतो. मूळ फाईल अजून आलेली नाही.

देवगड_हापूस
पाव पानाचा दर विचारून बघा तरी.