नीतिसूत्रे ९ : घर बांधणारं ‘ते’ की घर बांधणारी ‘ती’?

मार्कंडेयकाठ
आमच्या बेळगावातल्या मराठी सभेत मुलांच्या वर्गासाठी बायबलातल्या नीतिसूत्रांचा नववा अध्याय सोप्या मराठीत लिहून काढतोय. सवयीने ‘ज्ञान’ लिहीत गेलो. ‘ज्ञानाने घर बांधलं’ इथवर ठीक. पुढे ‘त्याने आपल्या दासी पाठवल्या’ म्हटलं तर धाकटी विचारते, “हा कुठला राजा?” मूळ हिब्रूत तिथे बाई आहे. माझं मत, मराठीतही ‘ती’च पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

घटप्रभा
नको. ज्ञानासाठीचा हिब्रू शब्द ‘होखमा’ स्त्रीलिंगी आहे कारण हिब्रूत भाववाचक नामं बरीचशी स्त्रीलिंगीच असतात. आपल्याकडे खुर्ची स्त्रीलिंगी, म्हणून ती बाई होते का? हिब्रूच्या व्याकरणातलं लिंग मराठीवर लादायचं कारण नाही. ग्रीकमध्ये ‘सोफिया’ही स्त्रीलिंगी, तो योगायोग. मराठीत ज्ञान नपुंसकलिंगी, तर ‘ते’. शिवाय ख्रिस्त म्हणजे देवाचं ज्ञान असं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आहे. त्याला तुम्ही ‘ती’ करणार?

खानापूर नाका
घटप्रभा, खुर्चीची गोष्ट खरी, पण खुर्ची जेवायला बोलावत नाही की हो. लिंग व्याकरणातून आलं असेल, पण कवीने ते उचलून त्याची बाई केली. सातव्या अध्यायात ‘होखमेला म्हण, तू माझी बहीण’ असं आहे. नवव्यात ती घर बांधते, सात खांब घडवते, पशू कापते, द्राक्षारस तयार करते, पाट मांडते, दासींना धाडते आणि नगराच्या उंचवट्यावरून हाक मारते, “जो भोळा आहे त्याने इकडे वळावं.” मग तेराव्या वचनात मूर्खपणा येतो, तोही बाईच्या रूपात. तिचंही घर, तिचीही बसायची जागा नगराच्या उंचवट्यावर. आणि सोळाव्या वचनात तिची हाक जवळपास अक्षर न् अक्षर तीच, जी चौथ्यात होखमेची आहे. एकीकडे वाढलेलं ताट, दुसरीकडे चोरून प्यायलेलं पाणी. रस्त्यावरच्या पोराला दोन दारांतून दोन बायका एकाच शब्दांत बोलावतात आणि त्याने आवाज ओळखायचा, ही सगळी खुबी. पहिल्या दारात ‘ते’ उभं केलंत तर पोरासमोर एक वस्तू आणि एक बाई उरते. मग बाई म्हणजे फक्त वाईट, असा अर्थ आपोआप निघतो. हा मला जास्त मोठा घोटाळा वाटतो.

ख्रिस्ताचं म्हणाल तर चौथ्या शतकात एरियस आणि अथनासियस या एकमेकांविरुद्धच्या दोन ख्रिस्ती धर्मगुरूंनीही आठव्या अध्यायातली सोफिया म्हणजे पुत्र असंच धरलं होतं. भांडण झालं ते बाविसाव्या वचनातल्या ‘निर्माण केलं’ या क्रियापदावर. शब्द स्त्रीलिंगी म्हणून कोणाचं अडलं नाही.

तिसऱ्या गल्लीतली
लिंगावरून आठवलं. आमच्या बेळगावात बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. पुण्यात शिकायला गेले तेव्हा या ‘येतो’वरून वर्षभर हसले मला. आता ‘येते’ म्हणते तर इथे आजी म्हणते, “लई शानी झालीस!” कशाला शिकवताय पोरांना असलं, भाषा बोलू द्या की त्यांना त्यांची.

खानापूर नाका
ताई, प्रश्न तो नव्हता, पण तुम्ही नेमकी जागा दाखवलीत. मराठीत ‘ती हाक मारते’ आणि ‘ते हाक मारते’, क्रियापद एकच. ‘मी होते’ स्त्रीलाही चालतं आणि नपुंसकालाही. म्हणजे आठव्या अध्यायातलं लांबलचक ‘मी’चं बोलणं ज्ञानाच्या तोंडी घातलं तरी कानाला बाईच बोलतेय असं वाटतं. (हिब्रूत तिथे ‘मी’च्या क्रियापदाला लिंगच नाही, मराठीने उलट भरच घातली.) पण ज्या घरात आजीच ‘मी येतो’ म्हणते, तिथल्या पोरांना हा इशारा कितपत लागेल, शंका आहे.

खरी फजिती तृतीयेत होते. ‘तो’चं ‘त्याने’, ‘ते’चंही ‘त्याने’. नपुंसक तिथे पुरुषाचं रूप घेतं. मार्कंडेयकाठ, तुमच्या पोरीला राजा दिसला तो याच ‘त्याने’मुळे. नववा अध्याय अशा ‘त्याने’ने भरलेला आहे. म्हणजे एकाच शब्दाला आठव्यात बाईचा आवाज आणि नवव्यात पुरुषाचे हात.

सौंदत्ती रोड
मी कन्नड माध्यमाचा मास्तर, मराठी घरात बोलतो. कन्नडात ही लपाछपी चालतच नाही. लिंग अर्थावरून ठरतं, ‘ज्ञान’ म्हणजे ‘अदु’, आपलं ‘ते’. बाईने हाक मारली तर ‘कूगुत्ताळे’, वस्तूने मारली तर ‘कूगुत्तदे’, स्पष्ट वेगळं. म्हणून आमच्याकडच्या कन्नड बायबलात ‘ज्ञानवेंबाके’ असं येतं, म्हणजे ‘ज्ञान म्हणतात ती’. शब्द तोच ठेवून त्याला बाई जोडली. मराठीत ‘ज्ञान नावाची बाई’ करा आणि पुढे ‘तिने’ लिहा. फक्त ‘ज्ञानदेवी’ करू नका. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरचा माणूस आहे मी. इथे देवी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर पालखी आणि भंडाराच येणार.

टाळकरी
आमच्या वारकरी घरातलं सांगतो. भागवत माहात्म्यात भक्ती ही तरुण बाई आहे आणि ज्ञान नि वैराग्य हे तिचे म्हातारे झालेले मुलगे. संस्कृतात दोन्ही शब्द नपुंसकलिंगी, तरी मुलगे केलेच ना? आणि ती भक्ती सांगते, जन्मले द्रविड देशात, वाढले कर्नाटकात, महाराष्ट्रात कुठे कुठे मान मिळाला. आपल्या सीमेवरची बाई म्हणा की. सांगायचं एवढंच, शब्दाचं लिंग काहीही असो, कथेला माणूस हवा असला की माणूस उभा राहतो. पण खानापूरकर, हे तुमच्याही विरुद्ध जातं. आमच्याकडे ज्ञान मुलगा झालाय. ऐकणाऱ्याच्या मनात तो आधीच बसलेला असेल तर?

खानापूर नाका
बरोबर आहे, याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. म्हणूनच मी ‘ज्ञान’ सोडावं म्हणतो. आणखी एक कारण. हिब्रूत ‘होखमा’ म्हणजे शहाणपण वेगळं आणि ‘दाअत’ म्हणजे जाणणं वेगळं. पहिल्या अध्यायात परमेश्वराचं भय हा दाअतचा आरंभ, नवव्यात होखमेचा. दोन्हीकडे ‘ज्ञान’ लिहिलं तर फरक पुसला जातो. ‘ज्ञान’ दाअतला राहू दे, होखमेला ‘सुज्ञता’ द्या. शब्द मुळातच स्त्रीलिंगी आहे, ‘तिने’ आपोआप येतं, बाई जोडावी लागत नाही.

मार्कंडेयकाठ
‘प्रज्ञा’ लिहून बघितलं होतं. वर्गात एक प्रज्ञा आहे, सगळी पोरं तिच्याकडे बघून हसायला लागली. ‘सुज्ञता’ पोरांच्या तोंडात बसत नाही, ‘सुद्न्यता, सुद्न्यता’ करत अडखळतात. ‘शहाणपण’ गोड लागतं, पण ते पुन्हा नपुंसक. सध्या सौंदत्ती सरांचं घेतलंय : ‘शहाणपण नावाची एक बाई होती. तिने घर बांधलं.’ धाकटीने लगेच विचारलं, “सात खांबांचं घर म्हणजे वाडा?”

घटप्रभा
गोष्टीपुरतं मान्य. पण दहाव्या वचनाचं काय करणार? ‘परमेश्वराचं भय हा शहाणपणाचा आरंभ’, इथे बाई नाही, नुसता गुण आहे, आणि हिब्रू शब्द तोच. तुमची बाई त्या ओळीत कुठे जाते?

खानापूर नाका
कुठे जात नाही. अकराव्यात बघा, “माझ्यामुळे तुझे दिवस वाढतील.” तीच बोलतेय.

घटप्रभा
हिब्रूत. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘माझ्यामुळे’ नाही, ‘या रीतीने’ आहे. म्हणजे त्या ग्रीक माणसालाही ती दहाव्यात दिसली नव्हती.

तिसऱ्या गल्लीतली
नाहीतर त्यालाही कोणीतरी ‘येतो’ की ‘येते’वरून हसलं असेल.