दूध घातल्यावर चहातले अँटिऑक्सिडंट जातात कुठे?

मीनल_नाशिक: चहात दूध घातलं की त्यातले अँटिऑक्सिडंट निकामी होतात, प्यायचा तर कोराच प्या, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. आमच्याकडे अर्धं पाणी, अर्धं म्हशीचं दूध असा चहा उकळतो. मग त्यात काहीच उरत नाही का? हे कोणी माणसांवर मोजलंय का?

अनिरुद्ध: मोजलंय, आणि उत्तर दुधाच्या विरोधात आहे. २००७ मध्ये बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी १६ निरोगी, पाळी थांबलेल्या स्त्रियांना आलटून पालटून तीन पेयं दिली: ५०० मिली कोरा चहा, १० टक्के साय काढलेलं दूध घातलेला चहा, आणि नुसतं गरम पाणी. आधी आणि दोन तासांनी हाताची रोहिणी किती सैलावते ते अल्ट्रासाउंडने पाहिलं. कोऱ्या चहाने ती चांगली सैलावली, दूध घातल्यावर तो फायदा गेला. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या कॅटेचिन या अँटिऑक्सिडंट द्रव्यांना चिकटतं, हे कारणही त्यांनी दाखवलं. म्हणून दुधाच्या चहाला आरोग्याचं पेय म्हणू नये.

वसुधा_अन्नतंत्र: प्रयोग तुम्ही अचूक सांगितलात, पण निष्कर्ष त्याच्या पलीकडे नेलात. बर्लिनमध्ये रक्तवाहिनी मोजली. मीनलताईंचा प्रश्न अँटिऑक्सिडंट नाहीसे होतात का, हा आहे. या दोन गोष्टी एक धरल्या की सगळा गोंधळ सुरू होतो.

दुधाने अँटिऑक्सिडंट मारले जातात ही गोष्ट मुख्यतः १९९६ च्या रोममधल्या प्रयोगावरून पसरली. काळ्या चहासाठी पाच माणसं, हिरव्यासाठी पाच. उपाशीपोटी ३०० मिली चहा. दुसऱ्या दिवशी त्यातच १०० मिली दूध. रक्ताची एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता कोऱ्या चहाने वाढली, दुधाने ती वाढ पूर्ण थांबली. मग १९९८ मध्ये नेदरलँड्समध्ये १२ जणांच्या रक्तात थेट कॅटेचिनच मोजले. दुधाचा चहा असो वा कोरा, ते सारखेच चढले. २००० मध्ये २१ जणांवर रक्ताची क्षमता पुन्हा तपासली, तीही दुधाने घटली नाही.

मग रोमला वेगळं का दिसलं? एक तर माणसं फार कमी. दुसरं म्हणजे मोजमापाची पद्धत. रक्ताच्या एकूण क्षमतेत मोठा वाटा युरिक आम्लाचा असतो. चहानंतर रक्तात कॅटेचिन येतात ते त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे त्या आकड्यात चहाचा हात किती आणि इतर कशाचा किती, हे वेगळं काढणंच अवघड. प्रयोगशाळेतल्या अशा क्षमतेच्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली त्या आकड्यांची यादी संकेतस्थळावरून काढूनही टाकली.

सुनंदा_के: मला वेगळंच विचारायचं आहे. माझं हिमोग्लोबिन कमी आहे. डॉक्टर म्हणाल्या जेवणाबरोबर चहा नको, चहातली द्रव्यं लोह धरून ठेवतात. दूध त्या द्रव्यांना बांधून टाकत असेल तर दुधाचा चहा जेवणानंतर लगेच चालेल ना?

वसुधा_अन्नतंत्र: सुनंदाताई, नाही चालणार, आणि त्याचं कारण या वादालाच लागू पडतं. १९९९ च्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर काळा चहा दिला, तेव्हा लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. दूध घातल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. लोह धरणारी ही द्रव्यं म्हणजे पॉलिफेनॉल, कॅटेचिनही त्यातलेच. केसीनने ती सगळी पक्की अडकवली असती, तर लोहाचं शोषण पुन्हा वाढलं असतं. म्हणजे पोटात ती मोकळी होत असावीत, निदान लोह पकडण्याइतकी तरी. जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा नको, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे.

चिकटणं खरंच आहे, त्यावर वाद नाही. दूध घातल्यावर चहाचा तुरटपणा कमी होतो तो त्यामुळेच. पण ते बंध सैल असतात, आणि पुढे पेप्सिन आणि ट्रिप्सिन ही पाचक द्रव्यं केसीनचे तुकडे करतात, तसं त्याला धरलेलंही सुटतं.

अनिरुद्ध: दोन हरकती. १९९८ आणि २००० चे दोन्ही अभ्यास युनिलिव्हरच्या संशोधकांचे आहेत, म्हणजे चहा विकणाऱ्यांचे. आणि तुम्ही सांगताय ते सगळे प्रयोग युरोपातल्या चहावरचे. बर्लिनला १० टक्के दुधात फायदा गेला. आमच्या कपात दूध ५० टक्के, तेही म्हशीचं.

वसुधा_अन्नतंत्र: पहिली हरकत योग्य आहे, म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेचा २००५ चा अभ्यास महत्त्वाचा. तिथे कोणी चहा विकत नव्हतं, आणि दूध घातल्याने काळ्या चहाची अँटिऑक्सिडंट क्रिया बदलत नाही असंच दिसलं. तोही लहानच अभ्यास, हे मान्य.

दुसऱ्या हरकतीसाठी मीनलताईंचाच कप घेऊ. १५० मिली चहा, त्यात ७५ मिली म्हशीचं दूध. त्यात अंदाजे तीन ग्रॅम प्रथिनं, त्यातली सुमारे सव्वादोन ग्रॅम केसीन. दोन ग्रॅम पावडरीतून पॉलिफेनॉल उतरतील फार तर दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे केसीन दहापटीहून जास्त. कपात ते बहुतेक सगळं धरून ठेवेल, हे मी नाकारत नाही. पण पचनानंतर किती सुटतं, याचं उत्तर कपावरून मिळत नाही.

अनिरुद्ध: मग रोहिणीचं काय? ती तर पचन होत असतानाच मोजली होती.

वसुधा_अन्नतंत्र: त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. दुधाने शोषण थांबत नसेल, पण थोडं लांबत असेल, तर दोन तासांच्या एकाच मोजमापात फायदा हुकलेला दिसू शकतो. पण हा माझा तर्क आहे, बर्लिनच्या प्रयोगाने ते दाखवलेलं नाही. तिथे नुसतं दूध देऊन रोहिणी पाहिली असती तर काही कळलं असतं.

दत्ता_टपरी: शास्त्र तुम्ही बघा, कृती मी सांगतो. बरेच जण पाणी, दूध, साखर, पावडर सगळं एकदम गॅसवर ठेवतात. दुधात पावडर नीट उतरत नाही, मग रंगासाठी जास्त टाकतात आणि उकळत बसतात. आधी पाण्याला आधण येऊ द्या, पावडर टाकून तीन मिनिटं उकळू द्या, मग गरम दूध घाला, एक उकळी आली की उतरवा. थंड दूध घातलंत तर उकळी बसते आणि गॅसवर वेळ वाढतो. जास्त उकळला की घशाला लागणारा कडवटपणा येतो, तो दुधानेही झाकत नाही.

मीनल_नाशिक: दत्ताभाऊ, तीन मिनिटांत सगळं उतरतं का? आम्ही दहा मिनिटं उकळतो.

दत्ता_टपरी: बारीक दाणेदार पावडर असेल तर बहुतेक सगळं तीन-चार मिनिटांत उतरतं. मोठ्या पानांच्या चहाला जास्त वेळ लागतो. दहा मिनिटांत पाणी उडतं, चहा दाट होतो, आणि तुम्ही साखर वाढवता.

वसुधा_अन्नतंत्र: साखरेचा मुद्दा नेमका आहे. प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, आणि दिवसाला चार कप असतील तर चाळीस ग्रॅम साखर चहातूनच गेली. जागतिक आरोग्य संघटना २००० कॅलरींच्या आहारात रोजची वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत, जमल्यास पंचवीसच्या आत ठेवा म्हणते. दुधावरून वाद घालण्याआधी हे मोजावं.

अनिरुद्ध: साखरेबद्दल मान्य. पण अर्ध्या दुधाच्या उकळलेल्या चहावर, पुरेशी माणसं घेऊन, नुसत्या दुधाशी तुलना करून रोहिणी मोजली जाईपर्यंत मी कोराच पिणार.