बिनविरोध सक्सेशनला ७५,००० कोर्ट फी, हे बरोबर आहे का?

कृष्णाकाठ (कराड)
वडील गेले. इच्छापत्र नव्हतं. मागे आई, मी आणि बहीण. आमच्यात वाद नाही. वडिलांच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी (५ लाख ठेवले होते, आज व्याजासह ६,४०,०००), पतसंस्थेत ३,००,०००, डीमॅटमध्ये २,१०,००० चे शेअर आणि बचत खात्यात १,५०,०००. बचत खात्याला आई नॉमिनी आहे, बाकी कशालाच कुणी नाही. वकिलांनी सगळं मिळून १३ लाख धरले आणि कोर्ट फी ७५,००० सांगितली. पेपरात नोटीस द्यायची, कुणी हरकत घेतली नाही तर सक्सेशन सर्टिफिकेटचा दाखला मिळणार. एवढ्या कामाचे एवढे पैसे? तुमचं मत सांगा.

वाईकर
शुद्ध लूट आहे. रकमेप्रमाणे फी घ्यायची तर शेवटपर्यंत रकमेप्रमाणे घ्या ना! आपल्या राज्यात पहिल्या ५० हजारांवर २ टक्के, पुढे २ लाखांपर्यंत ४ टक्के, त्यावर साडेसात टक्के, आणि जास्तीत जास्त ७५,०००. म्हणजे साधारण ११ लाखांनाच कमाल फी गाठली जाते. कराडच्या निवृत्त माणसाचं घर ११ लाखांवर जवळजवळ ७ टक्के भरणार आणि ज्याच्या ठेवी ३ कोटींच्या आहेत तो पाव टक्का. मधल्या माणसाचं मरण.

माणदेशी
आमचे आजोबा गेले तेव्हा तलाठ्याकडे अर्ज दिला, वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर नावं लागली. कोर्ट नाही, फी नाही. तुम्ही वकिलाच्या नादी लागलात.

दिवाणीवाला (सातारा)
माणदेशी, ते जमिनीचं झालं. सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणं आणि रोख्यांसाठी असतं: ठेवी, शेअर, बाँड. घर, शेत त्यात येतच नाही, त्यामुळे त्यांच्या किमतीवर या अर्जात फीही नाही. बऱ्याच घरांत घराची किंमत मिळवून आकडा सांगतात आणि उगाच घाबरतात.

वाईकर, तुमचं गणित बरोबर आहे, राग चुकीच्या जागी आहे. दाव्यांना १५,००० ची कमाल मर्यादा आणि प्रोबेटला, म्हणजे इच्छापत्र कोर्टातून प्रमाणित करून घ्यायला, मर्यादाच नाही, अशी स्थिती पूर्वी होती. १९८८ साली सुप्रीम कोर्टाने तो भेदभाव ठरवला. आता दाव्याची कमाल फी १० लाख आहे आणि वारसांच्या अर्जाला ७५,०००. शिवाय फीच्या बदल्यात काही मिळतं. त्या दाखल्यावर बँकेने पैसे दिले की बँक सुटते, उद्या चौथा वारस उगवला तरी तिला पुन्हा द्यावे लागत नाहीत. ही जोखीम कोर्ट अंगावर घेतं, ती रकमेप्रमाणेच वाढते.

वाईकर
जोखीम कसली? चुकीचा दाखला दिला तर कोर्ट काय भरपाई देतं का? चौथ्या वारसाने भांडायचं ते दाखला घेणाऱ्याशीच. म्हणजे विमा नाही, नुसता हप्ता.

दिवाणीवाला
यात दम आहे, मान्य. तरी फुकट दाखले वाटले तर मिरजेपासून फलटणपर्यंत खोट्या वारसांची रांग लागेल, हेही खरं.

असो. कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न फीचा दर किती हा नाही, अर्जात काय लिहायचं हा आहे. फी फक्त सर्टिफिकेटमध्ये नमूद केलेल्या रकमांवर. सगळी मालमत्ता मांडायची सक्ती नाही, भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३७२ मध्ये एखाद्याच येण्यासाठी, त्याच्या काही भागासाठीसुद्धा अर्ज करता येतो. बचत खातं आधी यादीतून वगळा, नॉमिनी असताना बँकेने सक्सेशन मागायचंच नाही. एफडीला नॉमिनी नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या नियमांत बँकांसाठी १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांसाठी ५ लाखांपर्यंत, वारसांत वाद नसेल तर, इन्डेम्निटी बाँड म्हणजे भरपाईची लेखी हमी आणि बाकीच्या वारसांच्या ना-हरकतीवर पैसे द्यायचे आहेत. अंमलबजावणीला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत होती. डीमॅटलाही १५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. उरली पतसंस्था. तीन लाखांची फी: पहिल्या २ लाखांवर ७,०००, पुढच्या लाखावर ७,५००, एकूण १४,५००.

नॉमिनीवाला
एवढं कशाला, हयातीतच सगळीकडे नॉमिनी टाकायचा. नॉमिनी म्हणजे मालक, विषय संपला. आता तर बँकेत चार नॉमिनी चालतात.

दिवाणीवाला
निम्मं बरोबर. फी वाचते, मालकी मिळत नाही. नॉमिनी पैसे घेतो वारसांच्या वतीने. कंपनीच्या शेअरबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. उद्या बहिणीने हिस्सा मागितला तर 'मी नॉमिनी आहे' हे उत्तर चालणार नाही.

मिरजमावशी
माझं ऐका. यजमानांच्या एफडी होत्या आणि दिराने सही द्यायला नकार दिला, बँकेने हात वर केले. शेवटी कोर्ट. अर्जात पावतीवरची रक्कम लिहिली होती, व्याज नाही. दाखला हातात आला तेव्हा बँक म्हणाली, दाखल्यावर आहे तेवढेच देऊ. व्याजासाठी परत अर्ज. वाढीव रकमेवर दीडपट फी भरा, म्हणाले. आणि फी अर्जासोबतच जमा करून घेतात, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दिवाणीवाला
मावशी, अर्ज दाखल होतो त्या दिवसापर्यंतच्या व्याजासह रक्कम धरायची, शेअरचा त्या दिवसाचा बाजारभाव. बँकेकडून ताजं बॅलन्स सर्टिफिकेट घेतल्याशिवाय अर्ज टाईप करू नये. फी आधी जमा होते हे कलम ३७९ मध्येच आहे, अर्ज नामंजूर झाला तर परत मिळते.

मिरजमावशी
परत मिळते, पण मिळेपर्यंत दागिने कुठे असतात ते माझ्यासारखीला विचारा. आणि बाईला कोर्ट फी माफ असते म्हणे?

दिवाणीवाला
१ ऑक्टोबर १९९४ चं नोटिफिकेशन आहे, त्यात स्त्रियांना मालमत्तेच्या वादांत माफी आहे. बिनविरोध अर्जाला 'वाद' म्हणायचं का, यावरच खटका उडतो. मी असा अर्ज केला तेव्हा ऑफिसने फी भरूनच घेतली. दुसऱ्या वकिलाचा अनुभव वेगळा असेल.

वाईकर
बघा, म्हणजे एकी असेल त्या घराला १४,५०० आणि दिराने सही अडवली की ७५,०००. नियोजन म्हणजे काय, भावांना खूश ठेवायचं?

कृष्णाकाठ
आजच बँकेत गेलो. फॉर्म मिळाला, तिघांच्या सह्या लागतील, शिवाय ओळखीच्या तिऱ्हाईत माणसाचं प्रतिज्ञापत्र. पतसंस्थेचे सचिव मात्र म्हणाले, रिझर्व्ह बँकेचा नियम आम्हाला लागू नाही, तीन लाख संचालक मंडळापुढे ठेवतो. मंडळाची बैठक कधी, तर अध्यक्षांची तब्येत बरी नाही.

दिवाणीवाला
लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि ठरावाची वाट महिनाभर बघा. तोवर कोर्टात जाऊ नका, १४,५०० वाचतील किंवा वाचणार नाहीत, ते मंडळावर आहे.