आकडे बरोबर असले की मांडणीकडे कोण पाहतो?

आकडेप्रेमी: साठ पानांच्या व्यवसाय आराखड्यात शीर्षके, तक्ते आणि आलेख यांवर आठवडा घालवणे म्हणजे निव्वळ सजावट आहे. आकडे बरोबर असतील, तर ज्याला पैसे द्यायचे आहेत तो ते शोधून काढतोच.

प्रस्ताववाचक: कर्जाचे प्रस्ताव तपासणे हेच माझे काम असल्यामुळे हे मत वाचून मला खरोखर चीड आली. वाचणारा शोधत बसत नाही. तो सारांश, निधीची मागणी आणि रोखप्रवाह एवढे आधी पाहतो, आणि तिथे उत्तर मिळाले नाही तर शंका नोंदवून पुढे जातो.

एका प्रस्तावात 36 महिन्यांचा तक्ता पानावर मावत नव्हता, म्हणून तो तिमाहीवार करून टाकला होता. दुसऱ्या तिमाहीअखेर शिल्लक 4 लाख, तिसऱ्या तिमाहीअखेर 6 लाख, त्यामुळे सारे सुरळीत दिसत होते. मासिक आकडे मागवल्यावर कळले की सातव्या महिन्याच्या अखेरीस 1 लाख उरतात, आठव्यात शिल्लक उणे 3 लाखांवर जाते आणि नवव्यात एक मोठी वसुली आल्यामुळे ती 6 लाखांवर चढते. आकडे सगळे बरोबर होते. पैसा कधी आणि किती कमी पडणार, हे मात्र मांडणीने गिळले होते.

मुख्य भागात वार्षिक तक्ता ठेवावा, त्याच्या लगेच खाली प्रत्येक महिनाअखेरच्या शिल्लकीचा स्तंभालेख द्यावा, त्यात शून्याची रेषा ठळक काढावी, आणि पूर्ण मासिक तक्ता परिशिष्टात ठेवून त्याचा पृष्ठक्रमांक तिथेच लिहावा. शीर्षकही नुसते ‘रोखप्रवाह’ नको. ‘आठव्या महिन्यात 3 लाखांची तूट, त्यासाठी 5 लाखांची कर्जमर्यादा’ असे हवे. अशी शीर्षके असली की नुसती अनुक्रमणिका वाचूनही आराखड्याचे म्हणणे कळते.

जमाखर्च: शीर्षकांचे पटले. पण ‘सोपे’ करण्याच्या नावाखाली लोक आकडे लाखांत पूर्णांकात आणतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. आराखड्यात शेवटच्या पैशापर्यंत आकडा असलाच पाहिजे, नाहीतर बेरजा जुळत नाहीत.

प्रस्ताववाचक: तिसऱ्या वर्षाच्या विक्रीचा अंदाज पैशांपर्यंत लिहिणे म्हणजे नसलेल्या खात्रीचा आव आणणे आहे. तो तुमचा लेखापरीक्षित ताळेबंद नव्हे.

जमाखर्च: आव कसला? 2.4 च्या तीन रकमांची बेरीज 7.2 होते. तुमच्या पद्धतीने त्या 2, 2, 2 आणि खाली 7 अशा छापल्या जातील. माझा असाच एक तक्ता ‘बेरीज चुकली’ असा शेरा मारून परत आला होता. तो अपमान मी विसरलेलो नाही, आणि तुम्ही मला आव शिकवू नका.

प्रस्ताववाचक: तुमच्या या उदाहरणात तथ्य आहे, हे मान्य करावेच लागेल. तरीही उपाय पैसे छापणे हा नाही. बेरीज मूळ आकड्यांवरच करावी, एक दशांश स्थळ ठेवावे, आणि फरक उरलाच तर तो पूर्णांकनामुळे आहे, असे तक्त्याखाली एका ओळीत सांगावे. एकक स्तंभाच्या शीर्षकात एकदाच लिहावे आणि आकडे उजवीकडे एका रेषेत आणावेत, म्हणजे लहानमोठेपणा नजरेलाच कळतो. मध्यभागी ओढलेल्या आकड्यांत 9.5 आणि 95.0 सारखेच भासतात.

जमाखर्च: एक दशांश चालेल. पूर्णांक मात्र मी स्वीकारणार नाही.

नवी सुरुवात: माझ्या आराखड्यात सहा रंगीत वर्तुळालेख आहेत आणि ते सर्वांना आवडले. मग माझी मांडणी चांगली आहे, असेच ना?

प्रस्ताववाचक: त्यांची कृष्णधवल प्रत काढून पाहा. लाल आणि हिरवा एकसारखे करडे निघाले, तर बाजूची रंगसूची निरुपयोगी ठरेल. शिवाय 22 टक्के आणि 25 टक्के यांतला फरक वर्तुळाच्या तुकड्यांत जवळजवळ दिसत नाही, पण उतरत्या क्रमाने लावलेल्या आडव्या पट्ट्यांत तो लगेच दिसतो. नावे पट्टीशेजारीच लिहावीत.

नवी सुरुवात: दोन तुकडे खरोखरच सारखे करडे आले. पण सहाही काढून टाकणे मला जड जाते आहे.

आकडेप्रेमी: तिमाहीच्या तक्त्याने तूट लपवली, एवढे मी मान्य करतो, त्याला सजावट म्हणता येणार नाही. पण मग तुमची महिनाअखेरही लपवतेच. पगार 1 तारखेला जातात आणि वसुली 25 तारखेला येते, तेव्हा मधली तूट तुमच्या स्तंभालेखात कुठे दिसते?

प्रस्ताववाचक: दिसत नाही. ज्या महिन्यांत शिल्लक शून्याजवळ येते, तेवढ्यांचाच आठवडावार छोटा तक्ता आलेखाखाली द्यावा, असे मी सुचवेन.

जमाखर्च: आठवड्याचा अंदाज तिसऱ्या वर्षासाठी कोण करणार? पहिल्या वर्षापुरताच तो ठेवावा. पुढचा तुम्हीच म्हणता तसा नसलेल्या खात्रीचा होईल.